फाइलला नाव दिल्याने व्हिडिओ वर येतो का?

सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातले श्रीपूर साखर कारखान्यांमुळे ओळखले जाते. तिथल्या एखाद्या शेतकऱ्याने ऊस गेल्यावर खोडव्यात पाचट कसे ठेवायचे, बुडखे कसे छाटायचे, हे मोबाईलवर चित्रित केले असे समजू. यूट्यूबवर टाकण्याआधी त्याला हमखास दोन सल्ले मिळतात. पहिला, फाइलचे नाव बदलून `khodwa-pachat-shripur.mp4` असे कर. दुसरा, संगणकावर फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन शीर्षक, टॅग आणि कॉमेंट भरून ठेव, म्हणजे यूट्यूबला विषय आधीच कळेल. दोन्ही सल्ले मनापासून दिलेले असतात. दोन्हींत वेळ जातो आणि शोधात व्हिडिओ तिथेच राहतो.

गैरसमज: यूट्यूब फाइलचे नाव वाचून क्रम ठरवते

या समजुतीत खरा अंश आहे, म्हणूनच ती टिकली आहे. व्हिडिओ अपलोड करताना शीर्षकाच्या चौकटीत यूट्यूब आधी फाइलचेच नाव भरून ठेवते. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला व्हिडिओ असेल तर त्याचे नाव `VID-20250112-WA0007` अशा धाटणीचे असते. घाईत कोणी ती चौकट तशीच सोडली, की तेच व्हिडिओचे शीर्षक होते. 'खोडवा पाचट' शोधणाऱ्यापर्यंत असा व्हिडिओ पोहोचणे अवघडच. पुढे कोणी फाइलला नीट नाव देऊन व्हिडिओ पुन्हा टाकतो, तो सापडू लागतो आणि श्रेय फाइलच्या नावाला मिळते. प्रत्यक्षात बदललेले असते शीर्षक. तीच अक्षरे चौकटीत हाताने लिहिली असती, तरी फरक तेवढाच पडला असता.

शीर्षक लिहून झाल्यावर फाइलच्या नावाला फारसे काम उरत नाही. ते यूट्यूब स्टुडिओत मालकाला दिसते, प्रेक्षकाला कुठेही दिसत नाही. प्रोग्रॅमरसाठीच्या यूट्यूबच्या व्यवस्थेतही मूळ फाइलचा तपशील फक्त व्हिडिओच्या मालकालाच मिळतो. शोधात व्हिडिओ विषयाशी किती जुळतो हे पाहण्यासाठी शीर्षक, वर्णन, टॅग आणि व्हिडिओतला आशय विचारात घेतला जातो, असे यूट्यूब स्वतः सांगते. त्यापुढे लोक तो व्हिडिओ किती पाहतात आणि चॅनेल त्या विषयात किती विश्वासार्ह आहे, हेही पाहिले जाते. या यादीत फाइलचे नाव नाही.

हा सल्ला आला बहुधा वेबसाइटच्या जगातून. आपल्या संकेतस्थळावर छायाचित्र ठेवताना त्याच्या फाइलच्या नावावरून विषयाचा अगदी हलका अंदाज येतो, असे गूगलचे मार्गदर्शन आहे. तिथेही तो 'अगदी हलका'च म्हटलेला आहे. छायाचित्रांबद्दलची ही गोष्ट व्हिडिओच्या अपलोडला चिकटवली गेली.

गैरसमज: फाइलच्या आत भरलेले टॅग यूट्यूबवर जातात

एमपी४ फाइल म्हणजे चित्र आणि आवाज एकत्र ठेवणारा डबा. त्या डब्यावर शीर्षक, तारीख, टीप अशा चिठ्ठ्या लावता येतात. यूट्यूब मात्र आपली फाइल जशीच्या तशी प्रेक्षकाला देत नाही. ती उघडून चित्र आणि आवाज नव्याने बांधते आणि कमी-जास्त दर्जाच्या अनेक प्रती तयार करते. स्वस्त मोबाईलवर, मंद नेटवर तोच व्हिडिओ चालतो तो यामुळेच. या प्रती नव्या डब्यांत असतात.

हे स्वतः तपासता येते. संगणकावर एफएफएमपेग हे मोफत सॉफ्टवेअर असेल, तर मूळ फाइलवर ही आज्ञा चालवा:

```
ffprobe video.mp4
```

आपण भरलेले शीर्षक आणि टीप त्यात दिसतील. आता यूट्यूब स्टुडिओतून स्वतःचाच व्हिडिओ डाउनलोड करून त्यावर तीच आज्ञा चालवा. तिथे बहुतेक वेळा 'ISO Media file produced by Google Inc.' अशी ओळ दिसते. हा डबा गूगलने बांधला आहे, याची ती खूण.

फाइलमधली काही माहिती मात्र खरोखर लागते. व्हिडिओ उभा आहे की आडवा, हे त्यातूनच कळते. ३६० अंशांच्या व्हिडिओत तशी खूण नसेल, तर तो फिरवून पाहता येत नाही, ताणलेल्या सपाट पट्टीसारखा दिसतो. एचडीआर चित्रीकरणात रंगांची नोंद हरवली, तर रंग फिके पडतात. ही माहिती सांभाळायलाच हवी, पण तिचा संबंध व्हिडिओ कसा दिसतो याच्याशी आहे, कसा सापडतो याच्याशी नाही.

ज्याने खरे नुकसान होते

फाइलला नाव देण्यात दोन मिनिटे गेली तर बिघडत नाही. माझी काळजी वेगळी आहे. आधी टाकलेला व्हिडिओ 'चुकीच्या नावाच्या फाइलने' गेला म्हणून काही जण तो काढून पुन्हा टाकतात. यूट्यूबवर जुन्या व्हिडिओच्या जागी नवी फाइल ठेवता येत नाही. नवी फाइल म्हणजे नवी लिंक. जुन्याचे व्ह्यूज, प्रतिक्रिया आणि गटागटांत फिरलेली लिंक, सगळे जाते. शीर्षक आणि वर्णन तर व्हिडिओ न हलवता केव्हाही बदलता येते.

मग वेळ कुठे घालवावा?

श्रीपूरच्या त्या शेतकऱ्याचेच उदाहरण घेऊ. शीर्षकाला १०० अक्षरांची मर्यादा आहे आणि मोबाईलवर त्यातली सुरुवातच दिसते. म्हणून शोधणारा जे टाइप करेल ते पुढे हवे: 'खोडवा उसात पाचट कसे ठेवावे | बुडखे छाटणी | श्रीपूर, माळशिरस'. 'आमच्या शेतातला नवा प्रयोग' असे शीर्षक गावातल्यांना कळेल, पण ते कोणी शोधणार नाही. वर्णनाच्या पहिल्या दोन ओळींत उसाची जात, म्हणजे को ८६०३२ वगैरे, जमीन कशी आणि तोड कधी झाली, हे साध्या वाक्यांत यावे.

गावाच्या नावाची अडचण खरी आहे. कोणी श्रीपूर लिहितो, कोणी श्रीपुर, तर रोमन लिपीत `Shreepur`, `Shripur`, `Sripur` असे काहीही. शिवाय या उच्चाराची गावे इतरत्रही आहेत. बांगलादेशात गाजीपूर जिल्ह्यातले श्रीपूर तर मोठे आहे. त्यामुळे रोमन लिपीत नुसते गाव लिहिले की भलतेच व्हिडिओ समोर येतात. माळशिरस, अकलूज किंवा सोलापूर हे शब्द जोडले, तरच आपले श्रीपूर वेगळे ओळखू येते. टॅगचा शोधातला वाटा अगदी थोडा असतो, असे यूट्यूबच सांगते. एखादा शब्द लोक वारंवार वेगवेगळ्या तऱ्हेने लिहीत असतील तर टॅग उपयोगी पडतात. गावाच्या नावाची ही वेगवेगळी लेखने टॅगमध्ये टाकावीत. ५०० अक्षरांची जागा बाकी शब्दांनी भरण्यात अर्थ नाही.

काही आठवड्यांनी यूट्यूब स्टुडिओच्या अ‍ॅनालिटिक्समध्ये प्रेक्षक कुठून आले ते उघडावे आणि त्यात यूट्यूबवरचा शोध निवडावा. पुरेसे प्रेक्षक आले असतील, तर त्यांनी टाइप केलेले शब्द तिथे दिसतात. समजा त्यात 'पाचट कुट्टी' आले आणि आपल्या वर्णनात नुसते 'पाचट व्यवस्थापन' असेल. व्हिडिओत कुट्टी खरोखर दाखवली असेल, तर तो शब्द वर्णनात घालावा. फाइलला हात लावायची गरज नाही.