अँबर म्हणजे नेमकं किती उशीर?

प्रकल्पाच्या साप्ताहिक अहवालात तीन रंग असतात. हिरवा म्हणजे सगळं वेळेवर, लाल म्हणजे ठरलेली तारीख आता गाठता येणार नाही. मधला पिवळसर रंग म्हणजे अँबर. तारीख धोक्यात आहे, पण काही निर्णय वेळेत झाले तर ती अजून वाचवता येईल, असा त्याचा अर्थ. हा मधला रंग देणं सर्वांत अवघड जातं. हिरव्याला कुणी काही विचारत नाही, लाल झाल्यावर सगळे धावून येतात. अँबर दिला की पहिला प्रश्न येतो, ‘म्हणजे नक्की काय?’ त्याचं उत्तर हाताशी नसलं की पुढच्या वेळी माणूस मुकाट्याने हिरवा देऊन मोकळा होतो. बाहेरून हिरव्या आणि आतून लाल अशा प्रकल्पांना या क्षेत्रात कलिंगड म्हणतात.

लंडनच्या क्रॉसरेल या रेल्वे प्रकल्पाचं काय झालं ते पाहण्यासारखं आहे. मधला बोगद्यातला मार्ग डिसेंबर २०१८मध्ये सुरू होणार होता. तो तेव्हा सुरू होणार नाही, हे लोकांना ३१ ऑगस्ट २०१८ रोजी, म्हणजे जेमतेम तीन-साडेतीन महिने आधी कळलं. प्रत्यक्षात मार्ग सुरू झाला २४ मे २०२२ रोजी. इतका मोठा उशीर एका उन्हाळ्यात जन्माला येत नाही. बांधकाम लांबत गेलं तसा गाड्या आणि सिग्नल यंत्रणेच्या चाचण्यांसाठी राखलेला वेळ आक्रसत गेला, शेवटची तारीख मात्र कागदावर तशीच राहिली.

हे मोठं उदाहरण झालं. रोजच्या कामात अँबर कसा ठरतो ते कळायला छोटा प्रकल्प बरा. समजा, पुण्यातली एक कंपनी एका सहकारी बँकेचं मोबाइल अ‍ॅप बनवते आहे. ३० सप्टेंबरला ते ग्राहकांना द्यायचं आहे, आणि आज ऑगस्टचा पहिला आठवडा आहे. हातात आठ आठवडे. (आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, पण असा हिशेब अनेक ठिकाणी दिसेल.) कामाचा प्रत्येक तुकडा जिरासारख्या ट्रॅकरवर तिकीट म्हणून नोंदलेला असतो. कुणी ते कधी उघडलं, कुणाकडे गेलं, कोणत्या अवस्थेत किती दिवस पडून राहिलं, देय तारीख किती वेळा पुढे ढकलली, हा सगळा इतिहास तिथे आपोआप साठत जातो.

आजच्या घडीला ७२ तिकिटं उघडी आहेत. मागच्या सहा आठवड्यांत अनुक्रमे ११, ८, १०, ९, ७ आणि ६, म्हणजे एकूण ५१ बंद झाली. आठवड्याला सरासरी साडेआठ. ७२ला साडेआठने भागलं की साडेआठ आठवडे येतात. चार दिवसांचाच तर फरक, दोन शनिवार बसलो की झालं, असं म्हणून इथे बहुतेक जण हिरवा देतात.

चूक भागाकारात नाही, सोडून दिलेल्या आकड्यात आहे. त्याच सहा आठवड्यांत १२ नवी तिकिटं उघडली गेली. सहा चाचणीत सापडलेल्या दोषांची, सहा बँकेने सुचवलेल्या नव्या गोष्टींची. म्हणजे आठवड्याला साडेआठ बंद होतात, पण दोन नवी येतात. ढीग खरोखर कमी होतो तो साडेसहानेच. ७२ भागिले साडेसहा, म्हणजे अकरा आठवडे. चार दिवसांचा उशीर एकदम तीन आठवड्यांचा झाला. आणि शेवटचे तीन आठवडे पाहिले, ज्यांत मिळून २२च तिकिटं बंद झाली, तर याच वेगाने साडेतेरा आठवडे लागतील. अहवालात म्हणूनच एक तारीख न लिहिता ‘अकरा ते साडेतेरा आठवडे’ असा पल्ला लिहावा. एकच तारीख दिली की वाचणारा ती वचन म्हणून धरतो.

वेग का मंदावला, हेही ट्रॅकर सांगतो. ७२पैकी १४ तिकिटं ‘ब्लॉक्ड’ अवस्थेत आहेत आणि सगळ्यांचं कारण एकच. बँकेने पैसे पाठवण्याची चाचणी करायला जी यंत्रणा द्यायची होती, ती अजून मिळालेली नाही. सर्वांत जुनं तिकीट १९ दिवसांपासून अडकलेलं आहे. हे लिहिताना सूर महत्त्वाचा. ‘बँकेकडून सहकार्य नाही’ असं लिहिलं की भांडण सुरू होतं. ‘१४ तिकिटं चाचणी यंत्रणेच्या प्रतीक्षेत, सर्वांत जुनं १९ दिवसांपासून’ असं लिहिलं की बँकेतला संबंधित अधिकारी ते तिकीट उघडून स्वतः खातरजमा करू शकतो.

मग हा लाल का नाही? कारण वाट अजून उघडी आहे. ७२पैकी २० तिकिटं मासिक अहवालांच्या विभागाची आहेत आणि पहिल्या दिवशी ग्राहकाचं त्यावाचून अडत नाही. ती पुढच्या आवृत्तीत ढकलली तर ५२ उरतात. बँकेच्या नव्या सूचनाही तूर्त थांबवल्या, तर नव्या तिकिटांपैकी आठवड्याला एकच दोषाचं येईल आणि ढीग साडेसातने कमी होईल. सात आठवड्यांत काम उरकतं, एक आठवडा हाताशी राहतो. मात्र अलीकडचा मंद वेग धरला तर याच ५२ला सव्वाआठ आठवडे लागतात. म्हणजे चाचणी यंत्रणाही मिळायलाच हवी. हे शेवटचं वाक्य अहवालातून गाळायचा मोह होतो, कारण उपाय सुचवल्यावर तो पुरेसा आहे असंच म्हणावंसं वाटतं. ते गाळू नये.

त्यावरून अहवालातला मजकूर असा होतो: ‘स्थिती अँबर. सध्याच्या वेगाने काम ३० सप्टेंबरच्या तीन ते साडेपाच आठवडे नंतर पूर्ण होईल. अहवाल विभाग पुढे ढकलणं, नव्या सूचना थांबवणं आणि चाचणी यंत्रणा मिळणं, या तिन्ही गोष्टी २० ऑगस्टपर्यंत झाल्या तर तारीख गाठणं शक्य आहे. न झाल्यास २१ ऑगस्टला स्थिती लाल करू.’ शेवटच्या वाक्यातली तारीख मला सर्वांत मोलाची वाटते. तिच्याशिवाय अँबर महिनोन् महिने तसाच राहतो आणि वाचणाऱ्यांची नजर त्यावरून घसरत जाते.

‘या आठवड्यात हिरवंच ठेवू या, पुढच्या बैठकीत सांगू,’ असं वरिष्ठ म्हणतात तेव्हा वाद घालण्यापेक्षा हा हिशेब समोर ठेवणं सोपं असतं. विचारायचं इतकंच, ‘सर, ७२चा आकडा चुकला आहे, की साडेसहाचा?’ आकडा खरंच चुकला असेल तर रंग बदलायला हरकत नाही.

आणि आकडा चुकू शकतो. तिकिटं सारखी नसतात. एखादं दोन तासांचं, एखादं दोन आठवड्यांचं. सोपी आधी बंद झाली असतील तर उरलेल्या ७२त अवघडच जास्त असतील आणि साडेसहाचा वेग टिकणार नाही. बंद केलेलं तिकीट चाचणीत नापास होऊन पुन्हा उघडलं जातं, तेव्हा ते ‘बंद’मध्ये दोनदा मोजलं जातं. महिन्याच्या शेवटी फलक नीटनेटका दिसावा म्हणून कुणी जुनी तिकिटं घाऊक बंद केली, तर त्या आठवड्याचा आकडा उगाच फुगतो. म्हणून सरासरी काढण्याआधी बंद झालेल्यांपैकी आठ-दहा तिकिटं उघडून त्यांचा इतिहास वाचावा. त्याला अर्धा तास लागतो. तेवढ्यात कळतं की काम झालं आहे, की नुसती नोंद झाली आहे.