ऋणनिर्देश : नाव बदलून पाहा

पीएचडीच्या प्रबंधातलं ऋणनिर्देशाचं पान बहुतेकदा अगदी शेवटी, बाइंडिंगला देण्याच्या घाईत लिहिलं जातं. मग जुन्या प्रबंधांतली वाक्यं जशीच्या तशी उतरतात : ‘मार्गदर्शकांचे अनमोल मार्गदर्शन लाभले. ग्रंथपालांनी मोलाचे सहकार्य केले. ज्ञात-अज्ञात सर्वांच्या ऋणात राहणे मी पसंत करतो.’ ही वाक्यं रसायनशास्त्राच्या प्रबंधालाही चालतात. दोष तिथेच आहे.

समजा, प्रबंध जात्यावरच्या ओव्यांवर आहे. आधी माणसांची यादी करू नये. काम कुठे अडलं होतं, ते आठवावं. मग वाक्य असं होतं : ‘दुसऱ्या प्रकरणात मी ओव्या विषयानुसार लावल्या होत्या. त्या गाणाऱ्या बायकांनुसार लावून बघ, असं सरांनी सुचवलं आणि अख्खं प्रकरण नव्याने लिहावं लागलं.’ ग्रंथपालांसाठी : ‘यादीत नसलेली वही त्यांनी माळ्यावरच्या गठ्ठ्यातून शोधून दिली.’ आईसाठी : ‘ध्वनिमुद्रणातले मला न कळलेले शब्द तिने ऐकून सांगितले.’ विशेषणं गेली, क्रियापदं आली.

याला मर्यादाही आहेत. ओव्या सांगणाऱ्या बाईंचं नाव छापण्याआधी त्यांची परवानगी हवी. घरातलं दुःख त्यांनी विश्वासाने सांगितलेलं असतं. शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थेने मजकूर ठरवून दिला असेल, तर तो मात्र तसाच ठेवावा.

लिहून झाल्यावर प्रत्येक वाक्यातलं नाव बदलून पाहा. तरीही ते खरं वाटलं, तर पुन्हा लिहा.