भाडे, घरपट्टी आणि व्याज : महाड-पोलादपूरच्या घरमालकांचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

महाडच्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांमुळे महाड शहर, बिरवाडी आणि आसपासच्या गावांत भाड्याच्या खोल्यांना व सदनिकांना कायम मागणी असते, तर पोलादपूरला शिक्षक, बँक कर्मचारी आणि सरकारी नोकर हे मुख्य भाडेकरू असतात. घरमालकांपैकी काही जण स्वतः मुंबईत नोकरीला असतात, त्यामुळे पगाराच्या जोडीला गावाकडील घराचे भाडेही त्यांना आयकर विवरणपत्रात दाखवावे लागते. या भाड्यावर कर आकारताना आयकर कायदा प्रत्यक्ष खर्चाचा हिशोब मागत नाही. तो एका ठरलेल्या क्रमाने वजाबाक्या करायला सांगतो. प्रथम घराचे वार्षिक मूल्य ठरते, त्यातून भरलेली घरपट्टी वजा होते, उरलेल्या रकमेच्या 30 टक्के इतकी प्रमाणित वजावट मिळते आणि शेवटी कर्जाचे व्याज वजा होते. या विषयातील बहुतेक गैरसमज या चारपैकी एखादी पायरी गाळल्यामुळे, तिची जागा बदलल्यामुळे किंवा कायद्यात नसलेली पाचवी पायरी जोडल्यामुळे निर्माण होतात.

त्यांतील सर्वांत खोलवर रुजलेला गैरसमज दुरुस्तीविषयीचा आहे, आणि तो तपासण्यासाठी जुलै 2021 च्या महापुराइतके योग्य निमित्त दुसरे नाही. त्या वेळी सावित्री आणि गांधारी नद्यांचे पाणी महाड शहरात शिरले, तळमजल्यांवरील घरे चिखलाने भरली आणि भिंती, फरशा, दरवाजे, वीजजोडण्या नव्याने कराव्या लागल्या. अशा वेळी लाख-दीड लाखाचा खर्च केलेल्या मालकाला तो भाड्यातून वजा व्हावा असे वाटणे स्वाभाविक आहे, परंतु कायद्यात तशी सोय नाही. आयकर कायदा, 1961 च्या कलम 24 मध्ये केवळ दोनच वजावटी सांगितल्या आहेत : एक 30 टक्क्यांची प्रमाणित वजावट आणि दुसरी कर्जाच्या व्याजाची. दुरुस्ती, रंगरंगोटी, भाडेवसुली, विमा, राखणदार असे सर्व खर्च त्या 30 टक्क्यांतच सामावले आहेत असे गृहीत धरले जाते. ज्या वर्षी एक रुपयाही खर्च झाला नाही त्या वर्षीही ही वजावट पूर्ण मिळते आणि तिच्यासाठी एकही पावती जपावी लागत नाही. उलट ज्या वर्षी भाड्याहून अधिक खर्च झाला त्या वर्षीही ती 30 टक्क्यांच्या पुढे जात नाही. पूरप्रवण गावातील मालकाच्या दृष्टीने हा नियम कठोर आहे, कारण त्याचा खर्च दरवर्षी सारखा नसतो आणि एकाच पावसाळ्यात अनेक वर्षांची शिल्लक संपू शकते.

नियम उलगडून दाखवण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेता येईल. महाड शहरातील एका तळमजल्यावरील सदनिकेचे भाडे दरमहा 10,000 रुपये होते असे समजू. पुरानंतर भाडेकरू सोडून गेला, दुरुस्तीमुळे ऑगस्ट आणि सप्टेंबर 2021 हे दोन महिने घर रिकामे राहिले आणि ऑक्टोबरपासून नवा भाडेकरू आला, म्हणजे 2021-22 या आर्थिक वर्षात मालकाला 1,00,000 रुपये भाडे मिळाले. घर रिकामे असले तरी बारा महिन्यांच्या भाड्यावर कर भरावा लागतो, असे येथे पुष्कळांना वाटते. या समजामागे थोडे तथ्य आहे, कारण कायदा प्रत्यक्ष भाड्याबरोबरच अपेक्षित भाड्याचाही विचार करतो. अपेक्षित भाडे म्हणजे तशाच घराला त्या परिसरात वाजवीपणे मिळू शकेल अशी रक्कम. ती ठरवताना नगरपरिषदेने आकारणीसाठी धरलेले मूल्यही पाहिले जाते. या सदनिकेचे अपेक्षित भाडे 1,14,000 रुपये धरले, तर मिळालेले भाडे त्याहून कमी भरते. परंतु ही तूट केवळ घर रिकामे राहिल्यामुळे आली असल्याने कलम 23 नुसार प्रत्यक्ष मिळालेले 1,00,000 रुपये हेच ढोबळ वार्षिक मूल्य ठरते. नातेवाइकाला मुद्दाम कमी भाड्याने घर दिले असते, तर मात्र ही सवलत मिळाली नसती आणि अपेक्षित भाडेच धरले गेले असते.

पुढची पायरी घरपट्टीची. येथे घरपट्टी कोणत्या वर्षाची आहे हा प्रश्न गौण असून ती कोणी भरली आणि केव्हा भरली हे दोन प्रश्न निर्णायक आहेत. उदाहरणातील मालकाने मागील दोन वर्षांची 6,600 रुपयांची थकबाकी आणि चालू वर्षाचे 3,400 रुपये असे एकूण 10,000 रुपये फेब्रुवारी 2022 मध्ये नगरपरिषदेत भरले असतील, तर थकबाकीसह संपूर्ण रक्कम त्याच वर्षी वजा होते. हीच रक्कम 5 एप्रिल 2022 रोजी भरली असती, तर देयक हातात असूनही 2021-22 साठी त्यातील एक रुपयाही वजा झाला नसता. करारात घरपट्टी भाडेकरूने भरायची असे ठरले असेल आणि त्याने ती भरली असेल, तर मालकाला तिची वजावट मिळत नाही. ही वजावट फक्त नगरपरिषदेच्या हद्दीतच मिळते, हा बिरवाडीसारख्या गावांत आढळणारा समजही चुकीचा आहे, कारण कायद्याला कोणत्याही स्थानिक प्राधिकरणाने मालमत्तेवर बसवलेला कर अभिप्रेत आहे आणि त्यात महाडची नगरपरिषद, पोलादपूरची नगरपंचायत व गावोगावच्या ग्रामपंचायती या सर्वांचा समावेश होतो. मात्र ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या उताऱ्यावर आकारलेला कर दिसतो, भरलेला नव्हे. म्हणून पुरावा म्हणून कर भरल्याची पावतीच जपून ठेवावी लागते.

ढोबळ मूल्यातून घरपट्टी वजा झाल्यावर 90,000 रुपये उरतात, आणि यालाच निव्वळ वार्षिक मूल्य म्हणतात. प्रमाणित वजावट याच रकमेवर मोजायची असते, मूळ भाड्यावर नव्हे. 1,00,000 रुपयांवर 30 टक्के धरून 30,000 रुपये वजा करण्याची चूक सर्रास होते. योग्य वजावट 27,000 रुपये आहे आणि ती केल्यावर 63,000 रुपये राहतात. घरपट्टी एप्रिलमध्ये भरली गेली असती, तर निव्वळ मूल्य 1,00,000 रुपयेच राहिले असते आणि वजावटीनंतर 70,000 रुपये उरले असते. म्हणजे 10,000 रुपये घरपट्टी वेळेत भरल्यामुळे उत्पन्न 7,000 रुपयांनीच कमी होते, कारण घरपट्टीमुळे 30 टक्क्यांचा पायाही तेवढाच आकुंचन पावतो.

शेवटची पायरी व्याजाची. या मालकाचा गृहकर्जाचा हप्ता दरमहा 11,000 रुपये आहे आणि वर्षभरात गेलेल्या 1,32,000 रुपयांपैकी 84,000 रुपये व्याज व 48,000 रुपये मुद्दल आहे असे मानू. संपूर्ण हप्ता भाड्यातून वजा होतो ही समजूत निराधार आहे, कारण भाड्याच्या उत्पन्नातून केवळ व्याजच वजा करता येते. मुद्दलाच्या परतफेडीचा विचार जुन्या करप्रणालीत कलम 80सी खाली, आणि तोही त्या कलमाच्या मर्यादेत, स्वतंत्रपणे होतो. दुसरीकडे, 2,00,000 रुपयांच्या पुढचे व्याज चालत नाही ही धास्तीही भाड्याने दिलेल्या घरापुरती अनाठायी आहे. ती मर्यादा मालक स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजाला लागू होते; भाड्याच्या घरासाठी त्या वर्षाचे पूर्ण व्याज धरता येते.

पूरग्रस्त मालकाला कायद्याने दिलेला खरा आधार येथेच आहे, आणि तो दुर्लक्षित राहतो ही खेदाची गोष्ट आहे. दुरुस्तीचा खर्च वजा होत नसला तरी दुरुस्तीसाठी घेतलेल्या कर्जाचे व्याज वजा होते, कारण कलम 24 मध्ये घराची खरेदी आणि बांधकाम यांच्याबरोबर दुरुस्ती, नूतनीकरण व पुनर्बांधणी यांसाठी घेतलेल्या कर्जाचाही उल्लेख आहे. ते कर्ज ‘गृहकर्ज’ या नावाचेच असावे अशी अट नाही. पतसंस्थेकडून सोने तारण ठेवून घेतलेले किंवा परिचिताकडून व्याजाने घेतलेले पैसेही चालतात, फक्त ते याच घराच्या दुरुस्तीला लागले हे दाखवता आले पाहिजे. म्हणून प्रमाणित वजावटीसाठी निरुपयोगी ठरणारी गवंड्याची, सिमेंटची व फरशीची बिले येथे महत्त्वाची ठरतात, आणि कर्जाची रक्कम खात्यावर घेऊन त्याच खात्यातून कारागिरांना व दुकानदारांना दिलेली असेल तर कर्ज व वापर यांचा संबंध सहज सिद्ध होतो. तारण कर्जातील काही पैसे लग्नकार्याला वापरले असतील, तर तेवढ्या भागाचे व्याज सोडून द्यावे लागते.

उदाहरणातील मालकाने दुरुस्तीसाठी 1,50,000 रुपयांचे सोनेतारण कर्ज घेतले आणि मार्च 2022 पर्यंत त्यावर 9,000 रुपये व्याज झाले असे धरल्यास एकूण व्याज 93,000 रुपये होते. 63,000 रुपयांतून ते वजा केल्यावर 30,000 रुपयांचा तोटा दिसतो. दीड लाखाची दुरुस्ती थेट वजा केली असती तर हाच तोटा 1,80,000 रुपयांवर गेला असता. तसे विवरणपत्र तपासणीत टिकत नाही आणि वाचलेला कर व्याजासह भरावा लागतो.

या तोट्याचा उपयोग कोणत्या करप्रणालीची निवड केली यावर अवलंबून असतो. जुन्या प्रणालीत घराचा तोटा पगारासारख्या अन्य उत्पन्नातून वर्षाला 2,00,000 रुपयांपर्यंत वजा होतो आणि त्याहून उरलेला तोटा पुढील आठ वर्षे घराच्या उत्पन्नातूनच वजा करता येतो. 2,00,000 हा आकडा दोन ठिकाणी येत असल्यामुळे वर सांगितलेला व्याजमर्यादेचा घोटाळा होतो. येथील मर्यादा तोट्याच्या वजावटीवर आहे, व्याजावर नाही. 2023-24 पासून आपोआप लागू होणाऱ्या नव्या प्रणालीत घरभाड्यावरील सर्व वजावटी रद्द झाल्या, असेही बोलले जाते. ते खरे नाही. भाड्याच्या घराची घरपट्टी, 30 टक्के वजावट आणि व्याज तेथेही मिळते, परंतु तोटा पगारातून वजा होत नाही. हा मालक नव्या प्रणालीत असता तर भाड्यावर त्याला कर लागला नसता, पण 30,000 रुपयांनी त्याचा पगारही कमी धरला गेला नसता. त्याच्याकडे दुसरे भाड्याचे घर असते, तर त्या घराच्या उत्पन्नातून मात्र हा तोटा वजा झाला असता.

1 एप्रिल 2026 पासून 1961 च्या कायद्याची जागा आयकर कायदा, 2025 ने घेतली असून त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, पण वार्षिक मूल्य, भरलेली घरपट्टी, 30 टक्के आणि व्याज हा क्रम तसाच ठेवला आहे. त्यामुळे घरपट्टीची थकबाकी असलेल्या मालकाने ती 31 मार्चपूर्वी स्वतःच्या नावे भरून पावती घ्यावी, आणि घराच्या दुरुस्तीसाठी कर्ज काढलेल्याने कर्ज देणाऱ्याकडून वर्षाच्या व्याजाचा दाखला त्याच वेळी मागून घ्यावा.