घरचा छापखाना – ७ : आतल्या शुभेच्छा उलट्या का येतात?

आज कागदाच्या जाडीविषयी लिहायचं कबूल केलं होतं, पण तो विषय आता पुढच्या आठवड्यात. मध्येच तेरखेड्याहून एका वाचकांचं पाकीट आलं आणि त्यातल्या प्रश्नाला थांबवून ठेवणं बरं वाटेना. तेरखेडा म्हणजे वाशी तालुक्यातलं फटाक्यांचं गाव, ज्याला लोक मराठवाड्याची शिवकाशी म्हणतात. तिथले हे दुकानदार दिवाळीला नेहमीच्या गिऱ्हाइकांना घरच्या प्रिंटरवर छापलेलं कार्ड देतात. साधा ए-फोर कागद मधोमध दुमडायचा की झालं. त्यांचं कार्ड बाहेरून नेटकं आहे. पुढे पणती आणि ‘शुभ दीपावली’, मागे दुकानाचं नाव. उघडलं की मात्र आतला मजकूर डोकं खाली, पाय वर! ते विचारतात, प्रिंटर बिघडला का?

प्रिंटर ठणठणीत आहे. एक कोरा कागद घ्या, मधोमध दुमडा आणि पेन्सिलीने चार बाजूंवर आकडे टाका : मुखपृष्ठावर १, आत डावीकडे २, उजवीकडे ३, मागे ४. आता कागद उलगडून आडवा धरा. बाहेरच्या अंगाला डावीकडे ४ आणि उजवीकडे १ दिसेल, आतल्या अंगाला २ आणि ३. म्हणजे फाइलमध्ये दोनच आडवी पानं हवीत. पहिल्या पानाच्या उजव्या अर्ध्यात पणती, डाव्या अर्ध्यात दुकानाचं नाव. दुसऱ्या पानाच्या उजव्या अर्ध्यात शुभेच्छा, डावा अर्धा हवा तर कोरा. दोन्ही पानांवरची अक्षरं सरळच. तेरखेडेकरांनी इथवर सगळं बरोबर केलं होतं.

गोची झाली ती कागद उलटताना. दोन्ही बाजूंनी छापणारे प्रिंटर बहुधा `Flip on long edge` वर लावलेले असतात, कारण रोजचे अर्ज आणि पत्रं उभ्या कागदावर असतात आणि ती वहीच्या पानासारखी लांब कडेवरून उलटतात. आपलं कार्ड मात्र आडवं. आडव्या कागदाच्या लांब कडा वर आणि खाली येतात. तिथून कागद उलटला की पुढचं डोकं मागच्या बाजूला पायाशी जातं. त्यामुळे छापण्याआधी `Flip on short edge` निवडायचं. एवढ्या एका खुणेने काम होतं.

या वाचकांनी दुसराच उपाय केला : फाइलमधलं आतलं पान १८० अंशांत फिरवून ठेवलं. त्यांच्या प्रिंटरवर कार्ड सरळ आलं. मग तीच फाइल भाच्याकडे पाठवली. त्याने आपल्याकडे आधीच आखूड कड निवडलेली होती, त्यामुळे मजकूर पुन्हा उलटा. दोन दुरुस्त्यांनी एकमेकींना खाल्लं. म्हणून फाइलला हात लावू नये, दुरुस्ती प्रिंटरच्या खिडकीतच करावी.

ज्यांचा प्रिंटर एकाच बाजूने छापतो त्यांनी आधी रद्दी कागदावर बाण काढावा. बाण दिसेल असा आणि टोक आत जाईल असा कागद ठेवून पहिलं पान छापा. छपाई बाणाच्याच बाजूला आली, तर तुमचा प्रिंटर दिसणाऱ्या बाजूवर छापतो आणि दुसऱ्या खेपेला छापील बाजू झाकून ठेवायची. बाणाच्या पाठीवर आली, तर छापील बाजू दिसती ठेवायची. कोणती कड आधी आत घालायची याचा नियम दोन्हीकडे एकच : पहिल्या खेपेला जी आखूड कड आधी आत गेली, ती दुसऱ्या खेपेला शेवटी जायला हवी. मागून कागद घेणारा प्रिंटर आणि खालच्या ट्रेमधून वळवून घेणारा प्रिंटर यांत फरक पडतो तो फक्त बाजूचा.

घडी वर असलेलं, तंबूसारखं उभं राहणारं कार्ड हवं असेल, तर कागद उभा घ्या. पहिल्या पानाच्या खालच्या अर्ध्यात मुखपृष्ठ सरळ, वरच्या अर्ध्यात दुकानाचं नाव १८० अंशांत फिरवलेलं. इथे ते फिरवणं चूक नाही. दुमडल्यावर तो भाग पाठीमागे खाली वळतो आणि नाव आपोआप सरळ होतं. आतलं पान नेहमीसारखं सरळ ठेवायचं आणि इथेही आखूड कडच निवडायची.

तेव्हा तेरखेडेकर, रंगीत शाई खर्चण्याआधी चार आकड्यांची एक फाइल करून काळ्या शाईत छापा आणि दुमडून बघा. १ ते ४ ओळीने सरळ वाचता आले, तरच गिऱ्हाइकांची कार्डं छापायला घ्या. पाठीवरची शाई आत दिसते ही तुमची दुसरी तक्रार कागदाच्या जाडीची आहे, तिचं उत्तर पुढच्या आठवड्यात.