गॅरंटी कशाची, हे लिहा

मोबाइल दुरुस्तीच्या पावतीखाली पुष्कळदा एकच ओळ छापलेली असते: ‘रिपेअरिंगची गॅरंटी नाही.’ दुकानदाराला वाटतं, आपण सुटलो. पण ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ वेगळं सांगतो. सेवेत दोष निघाला तर पावतीवर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदतच लिहिली नसेल तर ३० दिवसांत, पैसे परत करायला नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा ठरते. तेव्हा मुदत आपणच ठरवून लिहिलेली बरी.

समजा, २,४०० रुपयांत डिस्प्ले, म्हणजे कारागिरांच्या बोलीत फोल्डर, बदलला. पंधरा दिवसांनी गिऱ्हाईक परत येतं: ‘टच चालत नाही.’ काच कुठे तडकलेली नाही, फोनला पाणी लागलेलं नाही. तेव्हा दोष पार्टचा किंवा आतल्या कनेक्टरच्या जोडणीचा असण्याची शक्यता अधिक. पण पडद्यावर शाईसारखा काळा डाग पसरत असेल तर बहुधा पडद्यावर दाब आलेला असतो. आतली पांढरी खूण लाल झाली असेल तर ओलावा शिरलेला असतो. मात्र ती खूण आधीचीच लाल असू शकते. म्हणून फोन उघडताच गिऱ्हाइकासमोर तिचा फोटो काढून ठेवावा.

हा सगळा अनुभव पावतीवर असा उतरतो:

‘बदललेल्या डिस्प्लेला फोन परत दिल्याच्या तारखेपासून ९० दिवस वॉरंटी. टच बंद पडणे किंवा आपोआप रेषा येणे यासाठी पार्ट व मजुरी न घेता बदलून देऊ. बदललेल्या पार्टला उरलेले दिवस लागू. काच फुटणे, दाब, पाणी किंवा आमची सील काढलेली असणे याला वॉरंटी नाही. बॅटरी, कॅमेरा, चार्जिंग वगैरे इतर भाग यात नाहीत.’

शेवटचं वाक्य विसरू नये. डिस्प्ले बदलल्यावर महिन्याने चार्जिंग बंद पडलं, तरी अनेकांचा समज ‘तुम्हीच फोन उघडला होता’ असाच होतो. त्यावर उपाय आधीचाच: फोन घेतानाच चार्जिंग, स्पीकर, कॅमेरा तपासून निकाल पावतीवर टिपायचा. *#06# दाबून दिसणाऱ्या आयएमईआयचे शेवटचे चार आकडेही लिहायचे, म्हणजे फोन तोच की दुसरा हा वाद राहत नाही. फोन चालूच होत नसेल तर ‘बंद अवस्थेत घेतला, तपासता आला नाही’ असं लिहून सही घ्यावी.

अटींनाही मर्यादा असते. ‘फोन हरवल्यास जबाबदार नाही’ असं छापून भागत नाही. दुरुस्तीला घेतलेल्या वस्तूची, आपली असती तर शहाणा माणूस घेईल तेवढी काळजी घेणं करार कायदा, १८७२ नुसार बंधनकारक आहे. तोच कायदा दुकानदाराच्याही बाजूने उभा राहतो: वेगळं ठरलेलं नसेल, तर काम पूर्ण करून मजुरी मिळेपर्यंत फोन अडवून ठेवता येतो.