ऑर्केस्ट्राचा स्नेक: नंबर तारेचा, नाव कार्यक्रमाचं

नाट्यगृहात मराठी गाण्यांचा ऑर्केस्ट्रा असतो तेव्हा मिक्सर बहुधा प्रेक्षागृहाच्या मागच्या भागात मांडलेला असतो, कारण लोकांना काय ऐकू येतंय ते तिथूनच कळतं. वाद्यं आणि माइक मात्र रंगमंचावर. मधलं अंतर सहज तीस मीटर भरतं. त्यासाठी सोळा सुट्या केबली अंथरण्याऐवजी एकच जाड केबल टाकतात, तिला साउंडवाले ‘स्नेक’ म्हणतात. तिच्या रंगमंचाकडच्या टोकाला सॉकेटांची लोखंडी पेटी असते, ती स्टेज बॉक्स. मिक्सरकडे तीच केबल फुटून तिच्या सुट्या शेपट्या होतात आणि प्रत्येक शेपटीला एक प्लग असतो.

सोळा आत आणि चार परत, असा स्नेक छोट्या ऑर्केस्ट्राला पुरतो. सोळा वाटांनी माइकचा आवाज मिक्सरकडे येतो. उरलेल्या चार वाटांनी तयार आवाज रंगमंचाकडे जातो, तिथल्या अ‍ॅम्प्लिफायरना आणि कलाकारांसमोरच्या मॉनिटरना. परतीच्या वाटांचे प्लग आणि सॉकेट मुद्दाम उलटे लावतात, म्हणजे घाईत कुणी माइक परतीच्या वाटेत खुपसू शकत नाही. स्पीकरकडे जाणारी अ‍ॅम्प्लिफायरची ताकदीची लाइन या केबलीतून कधीच नेऊ नये. ती आपल्या वेगळ्या, जाड तारेनेच जायला हवी.

प्रत्येक वाटेत दोन बारीक तारा एकमेकींना पिळलेल्या असतात. त्यांच्याभोवती चंदेरी वर्ख आणि वर्खाला लागून एक उघडी तार असते. प्लगला तीन पिना असतात. उघडी तार एक नंबरला, आवाजाची ‘प्लस’ तार दोनला आणि ‘मायनस’ तार तीनला लावायची. मिक्सर दोन आणि तीनमधला फरक तेवढा उचलतो. वाटेत दिव्यांच्या वायरींमधून शिरलेली गुणगुण दोन्ही तारांवर सारखीच चढलेली असते, म्हणून या वजाबाकीत ती निघून जाते. माइकमधून येणारा विजेचा दाब काही मिलिव्होल्टच असतो. एवढा नाजूक आवाज तीस मीटर शाबूत पोहोचतो तो या योजनेमुळे.

वीस वाटा, प्रत्येकीच्या तीन तारा आणि दोन टोकं मिळून डाग देण्याच्या जागा होतात एकशेवीस. उघड्या तारेवर आधी बारीक नळी चढवायची, नाहीतर ती शेजारच्या पिनेला टेकते आणि ती वाट बिघडते. पण यापेक्षा फसवी चूक म्हणजे दोन आणि तीनची अदलाबदल. ती एकाच टोकाला झाली असेल तर मीटर लावल्याशिवाय कळत नाही, कारण माइकमधून आवाज नीट येतो. फक्त तो उलटा झालेला असतो.

ही चूक दिसते ऑक्टोपॅडवर. समजा ऑक्टोपॅडची डावी लाइन पाच नंबरात आणि उजवी सहा नंबरात लावली आहे, आणि सहाव्या वाटेत एका टोकाला दोन-तीन उलटे जोडले गेले आहेत. बास ड्रमचा ठोका दोन्ही लाइनींत सारखाच असतो. बऱ्याच सभागृहांत मुख्य स्पीकरांना एकच मिसळलेला आवाज जातो. तिथे पाच नंबर ठोक्याला पुढे ढकलतो त्याच क्षणी सहा नंबर त्याला मागे ओढतो आणि ठोका जवळजवळ नाहीसा होतो. साउंडवाला बास वाढवत राहतो, तरी काही भरत नाही. ओळखायचं कसं? सहाचा फेडर खाली आणायचा. एक आवाज कमी केल्यावर बास वाढला, तर दोष तारेत आहे हे नक्की. त्या रात्रीपुरतं मिक्सरवरचं पोलॅरिटीचं बटण दाबून भागतं. दुसऱ्या दिवशी मात्र प्लग उघडून डाग नव्याने द्यायला हवा. बटणावर विसंबून राहिलं तर पुढच्या कार्यक्रमात त्या वाटेवर दुसरंच वाद्य येतं आणि गोंधळ पुन्हा सुरू होतो.

दोन पिन प्लस, हे सगळीकडे पूर्वीपासून ठरलेलं नव्हतं. काही उत्पादक तीन पिन प्लस धरत. अमेरिकेतल्या ध्वनी अभियंत्यांच्या संस्थेने १९९२ साली दोन नंबरची पिन प्लस असं मानक ठरवलं. फार जुनी सामग्री मिळाली तर म्हणून ही गोष्ट तपासून घेणं बरं.

नंबर घालण्याबाबत एक नियम कामाचा आहे: तारेवर फक्त नंबर, वाद्याचं नाव नाही. स्टेज बॉक्सवर आणि त्याच वाटेच्या शेपटीवर एकच आकडा हवा. शेपटीवर तो पारदर्शक नळीखाली बसवावा, म्हणजे घामाने पुसला जात नाही. पेटीच्या आतसुद्धा प्रत्येक जोडीला नंबर लावून ठेवावा, कारण दुरुस्तीच्या वेळी वीस जोड्या एका रंगाच्या दिसू शकतात. वाद्यांची नावं मिक्सरवरच्या कागदी चिकटपट्टीवर लिहायची. ती कार्यक्रम संपला की निघते.

पट्टीवरचा क्रम तालापासून सुरू होतो. एक-दोन ढोलकीच्या दोन बाजू, तीन-चार तबला आणि डग्गा, पाच-सहा ऑक्टोपॅड. सातवर बास गिटार, आठ-नऊ कीबोर्ड, दहा गिटार, अकरा बासरी. बारा मोकळा ठेवायचा. तेरा गायक, चौदा गायिका, पंधरा निवेदक आणि सोळा पुन्हा मोकळा. गाणाऱ्यांचे फेडर एकत्र आणि शेवटी ठेवतात, कारण हात सर्वांत जास्त तिथेच जातो आणि मुख्य फेडर बहुतेक मिक्सरांवर उजवीकडे असतो. कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड थेट पेटीत खोचू नयेत. त्यांच्या मधे डीआय बॉक्स हवा. तो त्यांच्या लाइनीला माइकसारखी तीन पिनांची करतो आणि गुणगुण आली तर जमिनीची जोडणी तोडायचं बटणही त्यावर असतं.

मोकळे नंबर चैनीसाठी नसतात. मध्यंतरानंतर अकराव्या वाटेतून बासरी पातळ, जीव नसलेली येऊ लागली, असं समजा. दोनपैकी एक तार कुठेतरी तुटली की आवाज बंद पडत नाही, पण असा वाळून जातो. मग मिक्सरवरचा अकरा बंद करायचा, रंगमंचावरच्या मदतनिसाला सांगून माइक बारा नंबरच्या सॉकेटात लावून घ्यायचा आणि मिक्सरमागे अकराची शेपटी काढून तिथे बाराची बसवायची. बासरी पट्टीवर अकरावरच राहते. तिचा सूर सुधारण्यासाठी केलेली सगळी मांडणीही तशीच राहते. डिजिटल मिक्सरवर शेपटी हलवायची गरज नाही. अकराव्या चॅनेलचा स्रोत बारा नंबर करावा लागतो. आवाज बंद न करता प्लग उपटला, तर स्पीकरमधून मोठा ठोका बसतो. कंडेन्सर माइकसाठी त्या वाटेवर ४८ व्होल्ट चालू असले, तर तो आणखी जोरात बसतो.

दोष शोधताना एका वेळी एकच वस्तू बदलावी: आधी माइक, मग त्याची छोटी केबल, मग स्नेकची वाट आणि शेवटी मिक्सरचं चॅनेल. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि आवाज आला, तर दोष कशात होता ते कळत नाही आणि खराब केबल पुन्हा पेटीत जाऊन पडते.

नवा स्नेक बांधला असेल, तर तो सभागृहात नेण्याआधी घरीच मीटर लावून तपासावा. एकाला एक, दोनाला दोन, तीनाला तीन जुळायला हवेत आणि एकाही पिनेचा शेजारच्या पिनेशी संबंध नसावा. वीसही वाटा तपासून झाल्या की दोन्ही टोकांचे नंबर मोठ्याने वाचून मिळवून घ्यावेत, आणि वाटांची यादी स्टेज बॉक्सच्या झाकणाच्या आत चिकटवून ठेवावी.