कॅल्क्युलेटर शून्य म्हणतो, पण विकलज नाहीच

आलेख काढून दाखवणारा TI-84 हा कॅल्क्युलेटर अमेरिकेतल्या शाळांमध्ये सर्रास वापरला जातो. त्यावर `nDeriv(abs(X),X,0)` असं टाइप केलं की पडद्यावर 0 उमटतो. विचारलेलं असतं ते एवढंच: केवलमूल्याचा, म्हणजे |x| चा, शून्यापाशी विकलज किती? खरं उत्तर ‘विकलज अस्तित्वातच नाही’ असं आहे. यंत्र बिघडलेलं नसतं, त्याची आकडेमोडही बिनचूक असते. घोळ आहे तो त्या आकडेमोडीतून काय सिद्ध झालं असं आपण मानतो त्यात.

केवलमूल्य म्हणजे चिन्ह काढून टाकलेली संख्या. ५ चं केवलमूल्य ५ आणि −५ चंही ५. त्यामुळे |x| चा आलेख V या अक्षरासारखा दिसतो आणि त्याचं टोक शून्यावर येतं. विकलज म्हणजे एखाद्या बिंदूपाशी आलेखाचा चढ. तो काढताना त्या बिंदूपासून h इतकं सरकायचं, फलनाची किंमत कितीने बदलली ते पाहायचं आणि त्या बदलाला h ने भागायचं. h शून्याकडे नेत गेलं की हा भागाकार एकाच संख्येकडे जायला हवा, मग h धन असो की ऋण. |x| च्या बाबतीत उजवीकडे सरकलं तर भागाकार नेहमी १ येतो आणि डावीकडे सरकलं तर नेहमी −१. h कितीही लहान घ्या, या दोन संख्या एकमेकींच्या जवळ येतच नाहीत. म्हणून शून्यापाशी विकलज नाही.

कॅल्क्युलेटर मात्र वेगळ्या रीतीने जातो. तो बिंदूच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावरच्या किमती घेतो आणि त्यांच्या फरकाला 2h ने भागतो. याला सममित भागाकार म्हणू. आपण वेगळं काही सांगितलं नाही, तर h ०.००१ असतो. शून्याच्या दोन्ही बाजूंना |x| ची किंमत ०.००१ च येते, फरक शून्य, म्हणून उत्तर शून्य. h कोणताही घेतला तरी हेच होणार. तेव्हा सममित भागाकाराची सीमा खरोखरच शून्य आहे, यात वाद नाही. V आकाराच्या घळीवर दोन्ही काठांना सारख्या उंचीवर टेकेल अशी फळी टाकली तर ती आडवीच बसेल, पण त्यावरून घळीचा तळ सपाट आहे असं कोणी म्हणणार नाही.

सममित भागाकार म्हणजे उजव्या आणि डाव्या भागाकारांची सरासरी. विकलज असेल तर दोन्ही भागाकार त्याच संख्येकडे जातात आणि सरासरीही तिथेच पोचते. उलट दिशेने मात्र हे खरं नाही. १ आणि −१ यांची सरासरी शून्य येते, म्हणून त्या दोन संख्या सारख्या ठरत नाहीत. शिवाय सरासरी काढताना खुद्द त्या बिंदूवरची किंमत वजाबाकीत उडून जाते. त्यामुळे 1/x² या फलनाला शून्यावर किंमतच नसली, तरी तिथेही सममित भागाकार बेलाशक शून्य देतो!

हे शून्य पोकळ आहे हे ताडून पाहता येतं. अंतरं सारखी न ठेवता उजवीकडे h आणि डावीकडे 2h सरका. किमतींचा फरक h − 2h, म्हणजे −h होतो. दोन बिंदूंमधलं अंतर 3h असल्यामुळे भागाकार −१/३ येतो. खरा विकलज असता, तर h शून्याकडे नेताना हा भागाकारही त्याच संख्येकडे गेला असता. इथे आपण अंतरांचं प्रमाण बदललं की उत्तर बदलतं, म्हणजे ते उत्तर फलनाचं नसून आपल्या निवडीचं आहे.

याचा फटका शून्याच्या शेजारीही बसतो. x = ०.०००५ पाशी |x| चा चढ निःसंशय १ आहे. पण तिथे कॅल्क्युलेटर ०.००१५ आणि −०.०००५ या बिंदूंवरच्या किमती घेतो आणि (०.००१५ − ०.०००५) ÷ ०.००२ करून ०.५ सांगतो.

मग ही रीत वापरतात तरी का? कारण गुळगुळीत आलेखांवर ती फार चांगली चालते. x³ चा १ पाशी विकलज ३ आहे. h = ०.१ घेतला तर एका बाजूच्या भागाकाराने ३.३१ येतं, सममित भागाकाराने ३.०१. तेवढ्याच मेहनतीत एवढी अचूकता मिळत असेल, तर यंत्र बनवणाऱ्यांची निवड मला योग्यच वाटते. मात्र ती विकलज आहे असं गृहीत धरून केलेली आहे. जिथे विकलजच नाही तिथे यंत्र खोटी किंमत देऊ शकतं, असा इशारा या कॅल्क्युलेटरांच्या माहितीपुस्तिकेतही दिलेला आहे.

म्हणून आलेखाला कुठे टोक दिसलं, किंवा सूत्रात केवलमूल्य आलं, तर त्या बिंदूपाशी उजवा आणि डावा भागाकार वेगवेगळा काढा. दोन्हींच्या सीमा अस्तित्वात असतील आणि जुळत असतील, तरच पडद्यावरच्या आकड्याला विकलज म्हणा.